दोन डोसांच्या मधले पंधरा दिवस: लहान मुलांच्या जंतांवर घरी काय करायचं

जंताचं औषध बहुतेक घरांत दिलं जातंच. एक गोळी किंवा एक छोटी बाटली, की झालं काम. तरीही महिना-दीड महिन्याने तेच मूल रात्री पुन्हा ढुंगण खाजवत कुरकुरायला लागतं. मग कोणी औषधाला दोष देतं, कोणी गोड बंद करायला सांगतं, तर कोणी आणखी कडक औषध सुचवतं. खरं कारण बहुधा साधं असतं. औषधाने पोटातले जंत मेले, पण घरात सांडलेली अंडी जिवंत राहिली आणि मुलाच्याच बोटांवरून परत तोंडात गेली.

एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या आई-बाबांना सगळ्यात जास्त पिडणारे जंत हेच, सुतासारखे बारीक पांढरे. म्हणून लेखाचा मोठा भाग यांच्यावरच आहे. मातीतून येणारे मोठे जंत वेगळे असतात आणि ठरावीक काळाने दिलं जाणारं जंतनाशक मुख्यतः त्यांच्यासाठी असतं. ते पुढे येईल.

पहिलं काम: रात्री बघा

या जंतांची मादी दिवसभर मोठ्या आतड्यात असते. मूल झोपलं की ती शीच्या जागेतून बाहेर येते आणि तिथल्या कातडीच्या घड्यांमध्ये अंडी घालते. एक मादी दहा हजारांच्या आसपास अंडी घालू शकते. अंड्यांना चिकटपणा असतो आणि मादीच्या वळवळण्याने खाज सुटते, म्हणून खाज रात्रीची असते. दिवसा खेळणारं, नीट जेवणारं मूल रात्री अकरा-बाराच्या सुमाराला पाय झाडतं, कूस बदलत राहतं, झोपेतच हात चड्डीत घालतं. सकाळी ते किरकिरं असतं, कारण त्याची झोपच झालेली नसते. मुलींमध्ये जंत कधी पुढे सरकून शूच्या जागेपर्यंत जातात. मग तिथे लाली येते, जळजळ होते, अंथरूण ओलं करणं सुटलेलं असलं तरी ते पुन्हा सुरू होतं. अशा वेळी फक्त लघवीची तपासणी करून थांबू नका, जंतांचाही विचार करा.

मूल झोपून दोन-तीन तास झाले की टॉर्च घ्या, कुल्ले हळूच बाजूला करा आणि शीच्या जागेभोवती पाहा. मादी साधारण एक सेंटिमीटर लांब असते, शिवणकामाच्या पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्याएवढी. कपड्याचा धागा किंवा न पचलेल्या भाजीची तूस तिथे असू शकते, म्हणून घाईने ठरवू नका. काही क्षण थांबा. जंत हलतो, धागा हलत नाही. सकाळच्या ताज्या शीवरही ते कधी कधी वळवळताना दिसतात.

दिसलं नाही, पण लक्षणं हुबेहूब जुळतायत, तर चिकटपट्टीची तपासणी करता येते. सकाळी मूल उठल्याबरोबर, शी व्हायच्या आणि धुवायच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टीची चिकट बाजू शीच्या जागेभोवतीच्या कातडीवर दाबायची आणि ती प्रयोगशाळेने दिलेल्या काचपट्टीवर चिकटवायची. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात. हे सलग तीन सकाळी करावं लागतं, कारण मादी रोज रात्री बाहेर येईलच असं नाही. नुसती शी तपासायला देऊन या जंतांचा पत्ता सहसा लागत नाही. अंडी शीमध्ये नसून कातडीवर असतात. "शीचा रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे जंत नाहीत" हा निष्कर्ष इथे लागू पडत नाही.

दुसरं काम: अंड्यांचं वेळापत्रक समजून घ्या

घातल्यापासून चार ते सहा तासांत ही अंडी दुसऱ्याला लागण करायला तयार होतात. म्हणजे मध्यरात्री घातलेली अंडी सकाळच्या चहा-दुधाच्या वेळेला तयार असतात. ती नखांखाली जातात, चड्डीला, चादरीला, खेळण्यांना लागतात. चादर झटकली तर धुळीबरोबर उडून जमिनीवर बसतात. दमट, सावलीच्या जागी ती दोन ते तीन आठवडे टिकू शकतात. पोटात गेल्यावर अंड्यातून अळी बाहेर येते, आतड्यात वाढते आणि साधारण महिन्याभराने अंडी घालायला लागते.

औषध जंत मारतं. अंड्यांवर त्याचा भरवसा नाही. म्हणून पहिल्या डोसानंतर पंधरा दिवसांत जे काही तोंडात जाईल त्यातून पुन्हा जंत तयार होणार, पण त्यांना अंडी घालायला अजून वेळ असतो. दुसरा डोस दोन आठवड्यांनी देतात तो याचसाठी: नवे जंत वाढतायत, पण त्यांनी अजून अंडी घातलेली नाहीत, अशा वेळी त्यांना गाठायचं. दुसरा डोस चुकला, की एक महिन्याने सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

तिसरं काम: घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध

एक घर घेऊन पाहू. सव्वादोन वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा भाऊ, आई, बाबा आणि आजी. मुलीला जंत दिसले आहेत. भावाला काही त्रास नाही, पण दोघं एका अंथरुणावर झोपतात. आई तिसऱ्या महिन्याची गरोदर आहे.

डॉक्टरांना विचारून त्यांनी महिन्याच्या ४ तारखेचा शनिवार ठरवला. अल्बेंडाझोलचा नेहमीचा एक डोस असा असतो: एक वर्ष पूर्ण ते दोन वर्षांच्या आतलं मूल, २०० मिलिग्रॅम, दोन वर्षं पूर्ण झालेलं मूल आणि मोठी माणसं, ४०० मिलिग्रॅम. या मुलीला दोन वर्षं पूर्ण झालीत, म्हणून ४०० मिलिग्रॅम. ती पावणेदोन वर्षांची असती तर अर्धा. भाऊ, बाबा आणि आजीला प्रत्येकी ४०० मिलिग्रॅम. आईला पहिल्या तिमाहीत हे औषध द्यायचं नाही, तिच्यासाठी फक्त स्वच्छता. एक वर्षाच्या आतल्या बाळालाही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जंताचं औषध नको.

पातळ औषध घेताना बाटलीवरचे मिलिग्रॅम वाचा, नुसते मिलीलिटर नाही. एका कंपनीच्या ५ मिलीमध्ये जेवढं औषध असतं तेवढंच दुसऱ्या कंपनीच्या ५ मिलीमध्ये असेलच असं नाही. शेजारच्या मुलाला अर्धी बाटली दिली होती म्हणून आपणही अर्धीच दिली, असं केलं तर डोस चुकतो.

गोळी असेल तर तीन वर्षांच्या आतल्या मुलाला ती अख्खी कधीच देऊ नका. दोन चमच्यांमध्ये दाबून पूर्ण भुकटी करा, थोड्या पाण्यात कालवा आणि मूल ताठ बसलेलं, शांत असताना चमच्याने हळूहळू पाजा. मूल रडत असेल, डोकं मागे टाकत असेल, तर थांबा. नाक दाबून किंवा हात-पाय धरून औषध ओतणं हा जंतांपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. डोस अर्ध्या तासाने दिला किंवा उद्या दिला तरी काही बिघडत नाही. ताप असेल, मूल आजारी असेल तर बरं होईपर्यंत थांबायचं. मुलाला कधी आकडी आली असेल, यकृताचा त्रास असेल किंवा रोजची काही औषधं चालू असतील, तर ही माहिती डोस द्यायच्या आधी डॉक्टरांना हवी.

औषधानंतर थोडं पोट दुखणं, मळमळ, एखादी उलटी, असं काही मुलांना होतं आणि ते सहसा दिवसभरात निवळतं. डोस दिल्यावर लगेच उलटी झाली तर आपल्या मनाने पुन्हा देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. शीमध्ये मेलेले जंत दिसले नाहीत म्हणून औषध लागू पडलं नाही असं समजू नका. बरेचदा काहीच दिसत नाही.

या घरातला दुसरा डोस १८ तारखेच्या शनिवारी. पहिला डोस दिला त्याच रात्री तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पंधरा दिवसांत खाज थांबलेली असते, मूल छान झोपत असतं, आणि नेमका म्हणूनच दुसरा डोस विसरला जातो.

चौथं काम: सकाळचा पहिला अर्धा तास

स्वच्छतेच्या सूचनांची यादी लांब करता येते, पण सगळ्या सूचना सारख्या महत्त्वाच्या नसतात. मला विचाराल तर सकाळ सांभाळा, कारण रात्रभरात घातलेली अंडी सकाळी एकाच जागी, कातडीवर असतात. तिथून ती घरभर जायच्या आत धुऊन टाकली तर निम्मी लढाई जिंकलात.

त्या घरात ५ तारखेच्या रविवारी सकाळी असं झालं. मुलगी उठली. तिला अंथरुणात लोळू न देता, बाहुली हातात न देता थेट न्हाणीघरात नेलं. रात्रीची चड्डी तिथेच काढून सरळ धुण्याच्या बादलीत. शीची जागा साबण आणि वाहत्या पाण्याने, पुढून मागे, घड्यांसकट धुतली. बादलीत किंवा टबात बसवून अंघोळ घातली नाही, कारण त्या पाण्यात अंडी पसरतात आणि नंतर तेच पाणी भावाच्या अंगावर जातं. मग मुलीचे हात धुतले, नखांच्या आतून, आणि धुणाऱ्या आईने आपलेही. त्यानंतरच दूध. संध्याकाळच्या अंघोळीची सवय असलेल्या घरांनी निदान हे पंधरा दिवस ती सकाळवर आणावी. संध्याकाळपर्यंत अंडी बोटांवर, उशीवर, खेळण्यांवर पोचलेली असतात.

पहिल्या सकाळी सगळ्यांच्या चादरी, अभ्रे, रात्रीचे कपडे आणि टॉवेल न झटकता गोळा करून गरम पाण्याने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. ऊन आणि कोरडेपणा अंड्यांना सोसत नाही. कापडी बाहुल्या, गोधड्या धुता येत नसतील तर उन्हात ठेवा. त्यानंतर रोज चादर धुवायची गरज नाही. चड्डी मात्र रोज सकाळी बदलायची. झोपायच्या खोलीत कोरडा झाडू मारू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं धुवा.

रात्री मुलाला अंगाला बसणारी चड्डी घाला, म्हणजे झोपेत हात थेट कातडीपर्यंत पोचत नाही. नखं बारीक कापा. अंगठा चोखणाऱ्या किंवा नखं खाणाऱ्या मुलाची सवय पंधरा दिवसांत सुटणार नाही, त्यावरून ओरडण्यात अर्थ नाही. त्याचे हात जास्त वेळा धुवा, एवढंच करता येण्यासारखं आहे.

हात धुणं साबणाने, वीसेक सेकंद, चोळून. जेवणाआधी, शी-शू झाल्यावर, डायपर बदलल्यावर आणि बाहेरून खेळून आल्यावर. इथे एक गैरसमज बराच पसरलेला दिसतो: हातावर लावायचं सॅनिटायझर पुरेसं आहे. ते या अंड्यांवर चालत नाही. अंडी मारून नव्हे, चोळून आणि पाण्याने वाहवून घालवायची असतात.

हे सगळं दुसऱ्या डोसापर्यंत, म्हणजे पंधरा दिवस, काटेकोर पाळायचं. आपल्या उदाहरणातल्या आईने औषध घेतलेलं नाही, म्हणून तिने स्वतःपुरतं सहा आठवडे पाळायचं: सकाळी उठल्याबरोबर धुणं, रात्री घट्ट चड्डी, जेवणाआधी हात. तिच्या पोटात जंत असतीलच तर ते तेवढ्या काळात आपल्या आयुष्याने संपतात, नवी अंडी तोंडात गेली नाहीत तर.

खाज पुन्हा आली तर तारीख बघा

पहिल्या डोसानंतर आठवडाभर थोडी खाज राहू शकते, कारण कातडी खाजवून सोललेली असते. दुसऱ्या डोसानंतर लगेच काही दिवसांत जंत पुन्हा दिसले, तर औषध नीट पोटात गेलं नसेल, अर्धं थुंकलं असेल किंवा डोस कमी पडला असेल. पण महिना-दीड महिना शांत गेला आणि मग खाज सुरू झाली, तर ती नवी लागण आहे. त्या वेळी औषध बदलण्यापेक्षा अंडी कुठून येतात ते शोधा. औषध न घेतलेलं घरातलं माणूस, एकत्र झोपणारं चुलत भावंड, दिवसभर मूल ज्यांच्याकडे असतं ते घर, पाळणाघर. पाळणाघराला लाज न बाळगता सांगा. मुलाला घरी बसवायची गरज नसते, पण तिथल्या लोकांना कळलं तर हात धुणं आणि खेळणी धुणं वाढतं. कुत्र्या-मांजरांवर आळ घेऊ नका, हे जंत माणसातच राहतात.

सहा महिन्यांनी दिलं जाणारं औषध कशासाठी?

मातीतून येणारे जंत तीन: गोल लांब जंत, चाबूककृमी आणि अंकुशकृमी. उघड्यावर पडलेल्या शीतली अंडी मातीत काही दिवस ते आठवडे राहून तयार होतात. मग मातीच्या हातांवरून, न धुतलेल्या कच्च्या भाजी-फळांवरून पोटात जातात. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पायांच्या कातडीतून आत शिरते. हे जंत शीच्या जागी खाज आणत नाहीत. मूल फिकं पडतं, वजन वाढत नाही, पोट वरचेवर दुखतं, आणि बरेचदा काहीच दिसत नाही. म्हणून जिथे हे जंत पाचपैकी एका मुलाला किंवा त्याहून जास्त मुलांना असतात, तिथे तपासणी न करताच एक वर्षावरच्या सगळ्या मुलांना वर्षातून एकदा, आणि प्रमाण निम्म्याहून जास्त असेल तिथे दोनदा जंतनाशक द्यावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपण राहतो तो भाग यात येतो का, हे आरोग्य केंद्रात विचारा. येत नसेल तर दर सहा महिन्यांनी सवयीने औषध देण्याची गरज नाही.

हा एकच डोस सुतासारखे जंत असलेल्या मुलाला पुरत नाही, दोन आठवड्यांनी दुसरा लागतोच. उलट बाजूही आहे: ४ आणि १८ तारखेला औषध झालं आणि २५ला जंतनाशक मोहिमेतल्या ताई दारात आल्या, तर त्यांना आधीचे डोस सांगा. त्यासाठी लसीकरणाच्या कार्डावरच तारीख आणि मिलिग्रॅम लिहून ठेवलेले बरे.

मातीच्या जंतांना अडवायला बाहेर पायात चप्पल, कच्चं खाणं वाहत्या पाण्याने धुऊन, आणि मुलाची शी संडासातच. छोट्याची शी काय, असं म्हणून ती अंगणात टाकली की तीच माती दोन-तीन आठवड्यांनी भावंडाच्या हाताला लागते. मूल सतत माती खात असेल तर जंतांच्या औषधाबरोबर त्याचं रक्तही तपासून घ्या. लोह कमी असलेली मुलं माती खातात आणि मातीतून जंत येतात, दोन्हींचा इलाज एकत्र व्हावा लागतो.

झोपेत दात खाणं, तोंडातून लाळ गळणं, गालावर पांढरे चट्टे, गोड खाण्याची आवड, यांपैकी कशावरूनही जंत आहेत असं ठरत नाही. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. या एकेका लक्षणावरून औषध देत बसलं तर गालावरच्या चट्ट्यांचं खरं कारण तसंच राहतं.

घरी थांबायचं नाही, अशा वेळा

पोट फुगून कडक झालंय, सारख्या उलट्या होतायत, विशेषतः हिरव्या, आणि शी किंवा वारा सरत नाही: तर गोल जंतांचा गुंता होऊन आतडं अडलेलं असू शकतं. तेव्हा जंताचं औषध देऊ नका, काही खायला-प्यायला देऊ नका, थेट रुग्णालयात न्या. उलटीतून किंवा शीतून लांब जंत पडला, शीत रक्त आलं, शी करताना शीच्या जागेतून लालसर गोळा बाहेर आला, मूल पांढुरकं पडून दमायला लागलं, किंवा दोन वेळा वजन करूनही काटा हलला नाही, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. जंत शीत पडला असेल तर तो झाकणाच्या बाटलीत बरोबर न्या किंवा मोबाइलवर शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. लांबी कळली की तो कोणता, हे डॉक्टर बरेचदा तिथेच सांगू शकतात.